चोर दिसेल, पण किती फुटांवरून?

गावात कुणालाही चार ओळी छापायच्या असल्या की तो छापखान्यात जायच्या आधी माझ्याकडे येतो. लग्नपत्रिका, मुंजीचं आमंत्रण, दशक्रियेचा निरोप, नगरसेवकाच्या पुतण्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, काहीही असो. ‘फक्त मायना तेवढा बघून द्या’ म्हणतात आणि मायना बघून दिला की चहा पाजतात. नवं दुकान उघडणाऱ्यापासून चालू दुकान बंद करणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ‘भव्य’ हा शब्द मीच पुरवत आलो आहे. त्यामुळे माझ्या मेहुण्याने सीसीटीव्ही कॅमेरे बसवायचा धंदा काढला तेव्हा त्याची जाहिरात माझ्याच गळ्यात पडणार हे बायकोने आधीच ठरवून टाकलं होतं.

मेहुणा आला तोच दुसऱ्या कॅमेरेवाल्यांची तीन हँडबिलं घेऊन. तिन्हींचा मजकूर एकच होता, फोन नंबर तेवढे वेगळे. वर लाल अक्षरात ‘आता चोरांची खैर नाही!’, खाली ‘तुमच्या दुकानाचा तिसरा डोळा’ आणि त्याखाली तीन चांदण्या: ३६० अंश कव्हरेज, १ महिना रेकॉर्डिंग, आजीवन मोफत सर्व्हिस.

“दाजी, असंच पाहिजे. पण जरा आपलं वेगळं.”

“असंच पाहिजे की वेगळं?”

“असंच. पण वेगळं.”

मी तिसऱ्या डोळ्यापासून सुरुवात केली. म्हटलं, “शंकराने तिसरा डोळा उघडला की समोरचा जागच्या जागी भस्म होतो. तुझा काय करतो?”

“भस्म नाही होत दाजी. फुटेज मिळतं.”

“कधी?”

“चोरी झाल्यावर.”

तिसरा डोळा गेला. मग मी माझ्या पोतडीतलं एक ठेवणीतलं वाक्य काढलं: ‘आमचा कॅमेरा डोळ्यात तेल घालून पहारा देतो.’ मला ते फार आवडलं. मेहुण्याचा चेहरा पडला. “दाजी, तेल नको. स्टँडजवळच्या वडेवाल्याकडे कॅमेरा लावलाय, कढईच्या अगदी वर. नको नको म्हटलं तर म्हणाला, गल्ला तिथंच आहे. आता त्याच्या कॅमेऱ्याच्या डोममध्ये खरंच तेल गेलंय. दिवसा गिऱ्हाईक धुक्यात उभं असल्यासारखं दिसतं, आणि रात्री कॅमेऱ्याचा स्वतःचाच इन्फ्रारेड उजेड त्या तेलकट थरावर आपटून परत येतो, की सगळा पडदा दुधासारखा पांढरा. तो वाचेल आणि म्हणेल, बघा, यांनीच लिहिलंय तेल घालून म्हणून.”

एवढी वर्षं मी मंगल कार्यालयाला ‘प्रशस्त’ लिहिताना कार्यालय बघायला कधी गेलो नव्हतो. पण इथे प्रत्येक शब्दाला मेहुणा आडवा यायला लागल्यावर माझ्याने राहवेना. “चल,” म्हटलं, “एक दुकान दाखव. काय दिसतं ते बघतो आणि तेवढंच लिहितो.” एखाद्या जाहिरात लिहिणाऱ्याने असं बोलणं धंद्याला मारक आहे, हे तेव्हा मेहुण्याच्याही लक्षात आलं नाही.

दुकान होतं बाजारपेठेतल्या एका किराणावाल्या अण्णांचं. रुंदी बारा फूट, खोली तीस फूट. पुढे काउंटर, मध्ये दोन मांडण्या, मागे पोत्यांची खोली. अण्णांची अपेक्षा साधी होती.

“सगळं दिसलं पाहिजे.”

“कुठकुठलं, अण्णा?”

“सगळं. चोर दिसला पाहिजे, त्याच्या हातातली वस्तू दिसली पाहिजे, गल्ल्यातली नोट दिसली पाहिजे, समोरच्या दुकानात किती गिऱ्हाईक आहे ते दिसलं पाहिजे. आणि कॅमेरा एकच लावा, मधोमध.”

सिनेमात कसं, पोलीस अधिकारी म्हणतो, ‘झूम करो’, आणि शंभर फुटांवरच्या माणसाच्या गळ्यातला ताईत वाचता येतो. अण्णांनी ते सगळे सिनेमे पाहिलेले होते. मेहुण्याने आपला मोबाइल काढून त्यांनाच दुसऱ्या दुकानातलं एक चित्र बोटांनी मोठं करायला लावलं. चोर मोठा झाला, पण त्याचा चेहरा म्हणजे सहा चौकोन झाले. अण्णा म्हणाले, “ह्याला मी ओळखत नाही.” मेहुणा म्हणाला, “त्याची आईसुद्धा ओळखणार नाही.”

मग त्याने मला समजावलं ते मी इथे माझ्या शब्दांत सांगतो, कारण त्याच्या शब्दांत त्यात शिव्या आहेत. दुकानात सर्रास बसतो तो कॅमेरा २ मेगापिक्सेलचा. त्याच्या चित्रात आडवे १,९२० ठिपके असतात. यात कमी-जास्त होत नाही. कॅमेऱ्याने समोरची जेवढी रुंदी बघितली, तेवढ्या रुंदीवर हे ठिपके वाटले जातात. रुंदी जास्त, तर माणशी ठिपके कमी. अनोळखी माणसाचा चेहरा पक्का ओळखता यायचा असेल तर एका मीटर रुंदीला २५० ठिपके तरी यायला हवेत असा या धंद्यातला सर्वमान्य हिशेब आहे. म्हणजे कॅमेऱ्याने फार तर साडेसात मीटर, आपले पंचवीस फूट रुंदी बघावी. त्यापुढे माणूस आला हे कळतं, कोण आला हे कळत नाही.

आता ही पंचवीस फूट रुंदी किती अंतरावर भरते ते लेन्सवर. २.८ मिलिमीटरची लेन्स ऐसपैस बघते. तिच्या चित्राची रुंदी अंतराच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे तिचं ओळख पटवण्याचं काम तेरा फुटांवर संपतं. ३.६ ची लेन्स जरा आवरून बघते, ती सोळा-सतरा फुटांपर्यंत नेते. ६ ची अरुंद बघते पण पंचवीस फुटांवरचा चेहरा आणून देते. म्हणजे जो कॅमेरा ‘सगळं’ दाखवतो तो कुणालाच ओळखत नाही. आमच्या गावातल्या काही पुढाऱ्यांबद्दल मी असं लिहिलं असतं, पण त्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स माझ्याकडे असतात.

“पण खोक्यावर लिहिलंय की, २० मीटर!” अण्णांनी खोकं पुढे केलं.

“ते रात्रीच्या उजेडाचं, अण्णा. अंधारात त्याचा इन्फ्रारेड २० मीटरपर्यंत पोचतो. तिथं कायतरी हललं एवढं दिसेल. ते कुत्रं आहे की तुमचा भाऊ, ते नाही कळायचं.”

अण्णांचं भावाशी वाटणीवरून बोलणं बंद होतं. ते म्हणाले, “मग नको तो कॅमेरा.”

शेवटी चार कॅमेऱ्यांवर तडजोड झाली. मागच्या भिंतीवरून दाराकडे बघणारा कॅमेरा अण्णांना फार हवा होता, कारण त्यात आख्खं दुकान येतं. मेहुण्याने तो हातात धरून दाखवला. भर दुपारची वेळ. बाहेर रस्त्यावर रखरखीत ऊन, आत सावली. दारातून जो येईल तो काळाकुट्ट. आख्ख्या दुकानातून सावल्या हिंडत होत्या. यावर उपाय म्हणून डब्ल्यूडीआर नावाची सोय असलेले कॅमेरे मिळतात, ते उजेड आणि सावली दोन्ही सांभाळून घेतात. पण तेही किती सांभाळणार? त्यापेक्षा कॅमेरा दाराच्या बाजूच्या भिंतीवर तिरका लावला तर ऊन सरळ डोळ्यावर येत नाही आणि आत येणाऱ्याचा चेहरा आठ-दहा फुटांवरच सापडतो. हा झाला पहिला. दुसरा गल्ल्याच्या वर, फक्त गल्ल्यासाठी, पाचशेची नोट आणि दहाची नोट वेगळी दिसेल इतक्या जवळ. तिसरा मांडण्यांच्या मधल्या बोळात. चौथा मागच्या पोत्यांच्या खोलीच्या दारावर.

उंचीवरूनही वाद झाला. अण्णा म्हणाले, “छताला लाव, कुणाचा हात पोचायला नको.” छत बारा फुटांवर. तिथून चाचणी घेतली तर अण्णांच्या दुकानात येणाऱ्या सगळ्या गिऱ्हाइकांची टकलं आणि टोप्या यांची उत्तम नोंद झाली. साध्या ओळखीसाठी कॅमेरा सात-आठ फुटांवर, म्हणजे माणसाच्या डोक्याच्या थोडाच वर असला की चेहरा येतो. अण्णांना ते पटलं, पण स्वतःचं टक्कल पहिल्यांदाच वरून बघितल्यामुळे ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग मेहुण्याने दुकानातल्या पोऱ्याला बोळाच्या टोकाला उभं केलं, हातात साबणाची वडी दिली आणि खिशात घालायला सांगितली. पोऱ्याने ती इतक्या सफाईने घातली की अण्णा त्याच्याकडे संशयाने बघायला लागले. मग ते रेकॉर्डिंग मागे नेऊन बघायचं: चेहरा येतो का, वडी दिसते का. असं प्रत्येक कॅमेऱ्यासमोर, दिवसा एकदा आणि शटर ओढून दिवे घालवून एकदा. मला ही गोष्ट फार पटली. जाहिरातीच्या मजकुरात मी ती लगेच उतरवून घेतली: ‘पैसे देण्याआधी चोरी करून बघा.’ मेहुण्याने ती खोडली.

कव्हरेजचा सगळा हिशेब मात्र दिवाळीपर्यंतच टिकतो. दिवाळीला अण्णांनी मांडणीवर सुगंधी उटण्याची खोकी रचली ती थेट कॅमेऱ्याच्या तोंडापर्यंत. त्याआधी गणपतीत पताका होत्या. एका कापडवाल्याने तर ‘भव्य सेल’चा फलक नेमका कॅमेऱ्यापुढे टांगला, आणि सेल संपेपर्यंत तो कॅमेरा अहोरात्र फक्त ‘भव्य’ हा शब्द चित्रित करत होता. तो माझाच शब्द असल्याने मला जरा भरून आलं.

पहिली चांदणी अशी विझल्यावर मी दुसरीकडे वळलो. १ महिना रेकॉर्डिंग.

“हे तरी खरं ना?”

“एक टीबीची डिस्क टाकतोय की, दाजी. सगळे तेच टाकतात.”

“महिना राहतो?”

“राहतो. म्हणजे, सगळे लिहितात.”

मी कागद-पेन्सिल पुढे केली. गणितात मी पहिल्यापासून कच्चा, त्यामुळे मला गणित समजावताना दुसऱ्याला ते नीट करावं लागतं. चांगलं चित्र ठेवायचं तर एक कॅमेरा नव्या पद्धतीच्या म्हणजे एच.२६५ च्या दाबणीत सेकंदाला साधारण २ मेगाबिट माहिती लिहितो. चोवीस तासांचे साडेएकवीस जीबी झाले. चार कॅमेऱ्यांचे दिवसाला शह्याऐंशी. एक टीबी म्हणजे हजार जीबी. हजाराला शह्याऐंशीने भागा.

मेहुण्याने भागलं. परत भागलं. मग पेन्सिल बदलून भागलं.

“साडेअकरा दिवस?”

“आणि जुन्या, एच.२६४ च्या दाबणीचा डीव्हीआर असला तर?”

“त्याला दुप्पट लागतं,” तो हळूच म्हणाला. म्हणजे सहा दिवससुद्धा नाहीत. सहावा दिवस संपायच्या आतच डीव्हीआर कुणालाही न विचारता पहिला दिवस पुसतो आणि त्याच्यावर नवा लिहायला लागतो. तो बिघाड नाही, त्याची रीतच ती आहे.

मग महिना कसा भरवतात? त्याच्या दोन युक्त्या असतात आणि मेहुण्याला दोन्ही येत होत्या. पहिली, बिटरेट खाली ओढायचा. दिवस वाढतात, पण माणूस हलला रे हलला की त्याच्या चेहऱ्याचं पिठलं होतं. उभा असताना अण्णा ओळखू येतात, चालायला लागले की कुणीही. आणि चोर सहसा उभा राहत नाही. दुसरी युक्ती बरी आहे: हालचाल झाली तरच रेकॉर्ड करायचं. रात्री बंद दुकानात कोण हलतंय? तेवढी जागा वाचली. पण अण्णांच्या दारात लिंबू-मिरची टांगलेली होती. शटरच्या फटीतून वारा यायचा आणि ती रात्रभर डुलायची. कॅमेरा इमानदारीने रात्रभर लिंबाचं चित्रीकरण करायचा. भिंतीवरचं कालनिर्णय फडफडलं की तेही. एकदा कॅमेऱ्यावरच कोळ्याने जाळं विणलं. रात्रीच्या त्या उजेडाकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो. मग काय, डिस्कभर कोळी. यावर उपाय आहे, आणि फुकट आहे: डीव्हीआरमध्ये चित्रावर चौकोन आखून ‘इथली हालचाल मोजू नकोस’ असं सांगता येतं. लिंबू-मिरचीचा चौकोन वगळला की काम झालं. फक्त बसवणाऱ्याने तेवढी दहा मिनिटं थांबायला हवं, आणि बसवणाऱ्याला पुढच्या दुकानातून फोन यायला लागलेले असतात.

मी अण्णांना विचारलं, “तुम्हाला नक्की किती दिवसांचं हवं?”

“महिन्याचं.”

“का?”

“सगळ्यांकडे महिन्याचं असतं.”

“बरं, माल कमी झाला हे तुम्हाला कळतं कधी?”

अण्णांनी विचार केला. तेलाचे डबे, तुपाच्या बरण्या, काजू-बदाम यांचा मेळ ते महिनाअखेरीला लावतात. म्हणजे तीन तारखेला गेलेली तुपाची बरणी त्यांना तीस तारखेला आठवणार, आणि साडेअकरा दिवसांच्या डिस्कमध्ये तेव्हा एकोणीस तारखेच्या आधीचं काही नसणार. सराफाचं वेगळं, तो रोज रात्री दागिना मोजून तिजोरीत ठेवतो, त्याला आठवडाही पुष्कळ. चोरी कळायला जितके दिवस लागतात त्यापेक्षा आठवडाभर जास्त रेकॉर्डिंग हवं, हा हिशेब मला एखाद्या टीबीपेक्षा जास्त समजला. अण्णांना पस्तीस-चाळीस दिवस लागणार होते, म्हणजे चार टीबी. त्यात शेहेचाळीस दिवस मावतात. डिस्कची किंमत ऐकून अण्णा म्हणाले, “त्यापेक्षा मेळ पंधरवड्याला लावतो.” दोन टीबीवर, म्हणजे तेवीस दिवसांवर व्यवहार झाला. एवढं खणखणीत गणित मी जाहिरातीत घालतोय म्हटल्यावर मेहुणा म्हणाला, “दाजी, बाकीचे महिना लिहितात आणि आपण तेवीस दिवस? आपण कमी दिसू.” म्हटलं, “त्यांचे साडेअकरा आहेत.” “पण ते लिहीत नाहीत ना!” जाहिरातशास्त्रावर याहून मोलाचं वाक्य मी ऐकलेलं नाही.

आता राहिली आजीवन मोफत सर्व्हिस.

“कुणाचं जीवन?” मी विचारलं. “कॅमेऱ्याचं, तुझं की अण्णांचं?” मेहुण्याने प्रामाणिकपणे सांगितलं की हे त्याने कधी विचारात घेतलेलं नाही, पण आधीच्या हँडबिलवाल्याचा फोन सध्या लागत नाही, म्हणजे बहुधा धंद्याचं. वस्तूची वॉरंटी कंपनी देते, ती डबा बदलून मिळण्यापुरती. शिडी घेऊन येणाऱ्या माणसाची वॉरंटी कुणीच देत नाही. आणि दुकानदाराला खरी गरज शिडीवाल्याची असते.

मी त्याच्याबरोबर काही दुरुस्त्यांना गेलो. दुकानदाराचे फोन एकाच वाक्याचे असतात: ‘कॅमेरा बंद पडलाय.’ प्रत्यक्षात गेल्यावर कॅमेरा ठणठणीत असतो. एकाचं ब्रॉडबँडचं रिचार्ज संपलेलं, म्हणून मोबाइलवर दिसत नव्हतं. दुकानातलं रेकॉर्डिंग चालूच होतं. त्याला ते तीनदा सांगितलं, तरी तो म्हणाला, “पण मला दिसत नाही ना, मग काय उपयोग?” दुसऱ्याच्या पोऱ्याने डीव्हीआरची पिन काढून मोबाइल चार्जिंगला लावला होता. तिसऱ्याचा पासवर्ड फक्त भाच्याला माहीत होता आणि भाचा भांडून पुण्याला गेलेला. चौथ्याकडे उंदराने केबल कुरतडली होती. तो म्हणाला, सर्व्हिस मोफत आहे तर उंदीरही तुम्हीच पकडा.

पण ज्या दुकानातून कधीच फोन येत नाही, मेहुण्याला धास्ती त्याची असते. एका औषधाच्या दुकानात आम्ही सहज डोकावलो. भिंतीवरच्या टीव्हीत चारही चौकोन झकास चालू. मालक खूश. “बघा, वर्ष झालं, एक तक्रार नाही.” मेहुण्याने प्लेबॅक उघडला. आत काहीच नव्हतं. आजचं नाही, कालचं नाही, गेल्या सहा महिन्यांतलं काही नाही. डिस्क केव्हाच मेली होती. समोरचं चालू चित्र दिसायला डिस्क लागतच नाही. कॅमेरा, डीव्हीआर आणि टीव्ही असला की झालं. म्हणजे सहा महिने त्या दुकानात चार कॅमेऱ्यांचा आरसा टांगलेला होता.

“पण डिस्क गेली तर डीव्हीआर शिटी मारतो,” मेहुणा म्हणाला. “मारली नाही?”

“मारायचा की! सारखा टूं-टूं, टूं-टूं. डोकं उठवलं होतं. मग आमच्या पोऱ्यानेच सेटिंगमध्ये जाऊन ते बंद केलं. हुशार आहे पोरगा.”

आणखी एका दुकानात रेकॉर्डिंग होतं, पण घड्याळ भलत्याच काळात होतं. डीव्हीआरच्या आतली गोल बटण-बॅटरी संपली की वीज गेल्यावर तो सगळं विसरतो आणि त्याचं दुकान १ जानेवारी २००० ला उघडतं. चोरी झाली यंदाच्या श्रावणात, फुटेजवरची तारीख गेल्या सहस्रकाला लागून. चोराच्या वकिलाला अजून काय हवं? त्यातून १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे असं फुटेज कोर्टात द्यायचं तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यावर तज्ज्ञाचीही सही लागते. मी म्हटलं, हे जाहिरातीत घालू. मेहुणा हात जोडून म्हणाला, “दाजी, कोर्ट हा शब्द वाचला की गिऱ्हाईक कॅमेऱ्याऐवजी कुत्रं पाळतं.”

तर सर्व्हिस म्हणजे नेमकं काय लिहायचं यावर आमची मोठी बैठक झाली. तो म्हणाला, ‘तत्पर सेवा’ लिहा. तत्पर हा शब्द मी आजवर जिथे जिथे लिहिला तिथला माणूस कधी वेळेवर आलेला मला आठवत नाही. मग मी त्याला कामं मोजायला लावली. डोम आणि काचा पुसायच्या, जाळी काढायची. घड्याळ मोबाइलशी ताडून बघायचं. प्रत्येक कॅमेऱ्याचं काल रात्री दोनचं रेकॉर्डिंग उघडून बघायचं. सर्वांत जुना दिवस कुठला आहे ते बघायचं. कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट पुरवणारा डबा, त्याला हे लोक एसएमपीएस म्हणतात, तो मीटर लावून तपासायचा. कारण लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत जाईपर्यंत व्होल्ट गळतात, आणि रात्री इन्फ्रारेड पेटला की नेमका तोच कॅमेरा बंद-चालू व्हायला लागतो. दुकानदार दिवसा बघतो तर सगळं ठीक! आणि शेवटी, कॅमेऱ्यापुढे नवीन काय टांगलंय ते काढायला सांगायचं. हे अर्ध्या तासाचं काम आहे. तीन महिन्यांनी एकदा केलं तर वर्षाच्या चार फेऱ्या होतात. पहिल्या वर्षी त्याचे पैसे नाहीत, पुढच्या वर्षापासून ठरलेले. आणि सुटा भाग लागला तर त्याचे वेगळे. मध्येच बंद पडलं तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माणूस.

“दिवाळीत कसा येणार माणूस?” मेहुणा घाबरून म्हणाला.

“मग दिवाळी सोडून, असं लिहू.”

“तसं कसं लिहायचं! चोऱ्या तर दिवाळीत होतात.”

मी त्याच्याकडे बघत राहिलो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “बरं. दिवाळीत मी स्वतः जातो.”

शेवटी मजकूर तयार झाला तो असा:

‘दुकानदारांसाठी सीसीटीव्ही. आधी दुकान मोजतो, मग कॅमेरे सांगतो. कुठला कॅमेरा किती फुटांपर्यंत चेहरा ओळखतो आणि कुठला कोपरा दिसणार नाही, ते नकाशावर लिहून देतो. रेकॉर्डिंग किती दिवस राहील ते बिलावर लिहितो, आणि तेवढे दिवस झाल्यावर येऊन दाखवतो. वर्षात चार फेऱ्या. प्रत्येक फेरीत जुनं रेकॉर्डिंग तुमच्यासमोर लावून तुमची सही घेतो. बंद पडल्यास दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माणूस. पासवर्ड मालकाच्या हाती. ट्रायल रूमच्या आत कॅमेरा कुणी कितीही पैसे दिले तरी लावत नाही.’

छापखानेवाल्याने तो वाचला आणि विचारलं, “यात जाहिरात कुठाय?” बायकोने वाचून विचारलं, “माझ्या भावाचा धंदा बुडवायचाय का?” मेहुण्याने तो घडी करून खिशात ठेवला, दोन दिवस विचार केला आणि छापायला दिला. मी मुद्रित बघितलं तेव्हा माझा मजकूर शब्दाला शब्द तसाच होता. फक्त वर लाल अक्षरात ‘आता चोरांची खैर नाही!’ आणि कोपऱ्यात भगवान शंकर.

हँडबिलांचा परिणाम झाला. फोन कमी आले, पण जे आले त्यांनी पहिला प्रश्न ‘कितीला?’ ऐवजी ‘कुठला कोपरा दिसणार नाही?’ असा विचारला. त्यातल्या एकाने तो कोपरा नीट समजून घेतला आणि आपली खुर्ची तिथे हलवली. दुपारी झोप लागते म्हणाला, आणि मुलगा घरून मोबाइलवर बघतो. कॅमेऱ्यांची ऑर्डर मात्र त्याने रोख दिली.

तुमचं दुकान असेल आणि भिंतीवर चार चौकोन चालू असतील, तर आज रात्री गल्ला मोजून झाला की शटर ओढायच्या आधी पाच मिनिटं काढा. डीव्हीआरमध्ये प्लेबॅक उघडा, सर्वांत मागची तारीख कोणती निघते ते बघा आणि ती बिलावरच्या दिवसांशी जुळवा. तारीखच निघाली नाही, तर ज्याने टूं-टूं बंद केलं त्या पोऱ्याला आधी हाक मारा.